लिटरभर वाइनमधले दोन मिलिग्रॅम

१७ नोव्हेंबर १९९१, रविवारची संध्याकाळ. अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर ‘सिक्स्टी मिनिट्स’ हा कार्यक्रम चालू होता. त्या दिवशीचा विषय होता फ्रेंच माणसाचं हृदय. लोणी, चीज, मांस यांवर ताव मारणाऱ्या या लोकांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू अमेरिकेपेक्षा बरेच कमी कसे? मॉर्ली सेफर यांनी हातात रेड वाइनचा ग्लास धरून सुचवलं, की उत्तर कदाचित या ग्लासात असेल. त्यांच्यासमोर बोलायला होते सर्ज रेनो हे फ्रेंच वैद्यक संशोधक. पुढच्या वर्षभरात अमेरिकेत रेड वाइनचा खप सुमारे ४० टक्क्यांनी वाढला.

रेनो यांनी १९९२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मिशेल द लोर्जरिल यांच्यासोबत आपलं म्हणणं सविस्तर मांडलं. तो निबंध आज वाचताना एक गोष्ट ठळक दिसते. त्यात सगळा भर अल्कोहोलवर आणि रक्तातल्या प्लेटलेटवर आहे. रोज २० ते ३० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे साधारण दोन ग्लास वाइन, जेवणाबरोबर घेतली तर प्लेटलेट एकमेकींना कमी चिकटतात, गुठळी धरायची शक्यता कमी होते आणि त्यामुळे हृदयविकाराचा धोका किमान ४० टक्क्यांनी घटू शकतो, असा त्यांचा तर्क होता. रेझव्हेराट्रॉल या नावाने पुढे जे काही गाजलं, त्याच्यावर त्यांच्या सिद्धान्ताचा डोलारा उभा नव्हता.

ते नाव आलं दुसऱ्याच वाटेने, आणि त्याच वर्षी. कॉर्नेल विद्यापीठातले सीमन आणि क्रेझी हे दोघे द्राक्षवेलीच्या रोगप्रतिकाराचा अभ्यास करत होते. द्राक्षाच्या पानावर किंवा फळावर बुरशी आली, किंवा अतिनील किरणांचा मारा झाला, की वेल स्वतःच्या बचावासाठी एक रसायन बनवते, हे १९७६ पासून माहीत होतं. नाशिककडचे बागायतदार ज्या डाऊनीला आणि भुरीला कंटाळलेले असतात, तशा बुरशींच्या हल्ल्याला वेलीने दिलेलं हे उत्तर. रसायनाचं नाव रेझव्हेराट्रॉल. ते मुख्यतः सालीत असतं. रेड वाइन करताना रस सालींसकट आंबवतात, व्हाइट वाइन करताना साली आधीच वेगळ्या काढतात; म्हणून रेडमध्ये ते जास्त उतरतं. सीमन आणि क्रेझी यांनी वाइनमध्ये ते मोजलं आणि सुचवलं, की वाइनचे जे गुण सांगितले जातात त्यामागे कदाचित हेच असेल.

हा ‘कदाचित’ पुढे गळून पडला. एका बाजूला फ्रान्सची आकडेवारी होती, तिला कारण हवं होतं. दुसऱ्या बाजूला एक रसायन होतं, त्याला काम हवं होतं. दोन अर्धवट गोष्टी एकमेकींना टेकून उभ्या राहिल्या. फ्रान्सकडे बोट दाखवून रसायनाची महती सांगायची आणि रसायनाकडे बोट दाखवून फ्रान्सचं कोडं सुटलं म्हणायचं, असं हे चक्र सुरू झालं. म्हणून त्या दोन गोष्टी सुट्या करून तपासणं भाग आहे.

आधी रसायन घेऊ. २००३ मध्ये हार्वर्डच्या डेव्हिड सिंक्लेअर यांच्या गटाने यीस्टवर प्रयोग करून, रेझव्हेराट्रॉलने यीस्टचं आयुष्य ७० टक्क्यांनी वाढतं असं ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलं. २००६ मध्ये त्याच गटाचा उंदरांवरचा प्रयोग आला. भरपूर चरबीचं खाणं खाऊन लठ्ठ झालेल्या उंदरांना रेझव्हेराट्रॉल दिलं, तेव्हा ते लठ्ठच राहिले, पण त्यांच्या मृत्यूचा धोका ३१ टक्क्यांनी घटला. प्रयोग नीट केलेला होता, त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. पण जगभरच्या वर्तमानपत्रांत ती बातमी छापून आली तेव्हा तिच्याशेजारी रेड वाइनच्या ग्लासाचं चित्र होतं. घोटाळा तिथे झाला, आणि तो उघडा पडायला साधा गुणाकार-भागाकार पुरतो.

त्या उंदरांना रोज शरीराच्या दर किलो वजनामागे २२.४ मिलिग्रॅम रेझव्हेराट्रॉल मिळत होतं. ६० किलोच्या माणसाला हाच हिशेब सरळ लावला तर रोज सुमारे १,३४४ मिलिग्रॅम लागतील. मात्र उंदराचा चयापचय माणसापेक्षा कितीतरी वेगवान असतो, म्हणून औषधशास्त्रात उंदराचा डोस माणसासाठी बदलताना साधारण १२.३ ने भागतात. वाइनच्या बाजूने उदार होऊन आपण तोच हिशेब धरू. दर किलोमागे १.८ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला १०९ मिलिग्रॅम. आता वाइनकडे या. द्राक्षाची जात, हवामान, बुरशीचा त्रास, साली किती दिवस रसात राहिल्या, यांनुसार रेझव्हेराट्रॉलचं प्रमाण खूप बदलतं. थंड, दमट भागातल्या पिनो न्वारमध्ये ते बऱ्यापैकी असतं, काही वाइनमध्ये जवळजवळ नसतं. सरासरी धरायची तर लिटरला सुमारे २ मिलिग्रॅम. १०९ मिलिग्रॅमसाठी ५५ लिटर वाइन लागेल. पाऊण लिटरच्या ७३ बाटल्या, आणि त्या रोज. सूट न देता सरळ वजनाचा हिशेब केला असता तर बाटल्या नऊशेच्या घरात गेल्या असत्या. एका ग्लासात, म्हणजे १५० मिलिलिटरमध्ये, हाती पडतं ०.३ मिलिग्रॅम.

यावर कुणी म्हणेल, की थोडंसंच पण वर्षानुवर्षं मिळत राहिलं तर? प्रश्न रास्त आहे. त्यासाठी आधी हे बघावं लागतं, की पोटात गेलेल्या रेझव्हेराट्रॉलचं पुढे होतं काय. २००४ मध्ये थॉमस वॉले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा निरोगी माणसांना २५ मिलिग्रॅम रेझव्हेराट्रॉल तोंडाने दिलं. त्यातल्या रेणूंवर किरणोत्सारी खूण केलेली होती, त्यामुळे शरीरात ते कुठे आणि कोणत्या रूपात जातं त्याचा माग काढता आला. किमान ७० टक्के रेझव्हेराट्रॉल आतड्यातून शोषलं गेलं. ऐकायला हे चांगलं वाटतं. पण आतडं आणि यकृत यांनी त्याला रक्तात पोचेपर्यंतच सल्फेट आणि ग्लुक्युरोनिक आम्ल जोडून टाकलं. शरीर परक्या रसायनांना असंच बांधून लघवीवाटे बाहेर घालवतं. मूळ, न बदललेलं रेझव्हेराट्रॉल रक्तात जेमतेम सापडलं, मिलिलिटरमागे पाच नॅनोग्रॅमपेक्षाही कमी. प्रयोगशाळेतल्या काचपात्रात पेशींवर त्याचा जो परिणाम दिसतो, तो घडवायला याहून कितीतरी पट जास्त प्रमाण लागतं. आणि हा डोस तरी केवढा होता? २५ मिलिग्रॅम, म्हणजे ऐंशीहून जास्त ग्लास वाइनमधलं रेझव्हेराट्रॉल एका घोटात.

लघवीवाटे ते बाहेर पडतं, यातच एक चांगली कसोटी दडलेली होती. माणूस किती वाइन पितो हे विचारलं तर उत्तर नेहमी खरं येतंच असं नाही. लघवी मात्र खोटं बोलत नाही. इटलीत टस्कनीमध्ये कियांती भागातल्या ग्रेवे आणि बान्यो आ रिपोली या दोन गावांमध्ये वृद्धांच्या आरोग्याचा दीर्घकाळ अभ्यास चालू आहे. कियांती म्हणजे रेड वाइनचं माहेरघर. रेझव्हेराट्रॉलने माणसाचं हृदय वाचत असेल तर ते इथे दिसायला हवं. १९९८ पासून इथल्या ६५ वर्षांवरच्या ७८३ जणांची चोवीस तासांची लघवी गोळा केली गेली आणि तिच्यात रेझव्हेराट्रॉलचे अवशेष मोजले गेले. मग नऊ वर्षं या माणसांकडे लक्ष ठेवलं.

जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या रिचर्ड सेंबा यांच्या गटाने २०१४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या नऊ वर्षांत २६८ जण दगावले. लघवीतल्या प्रमाणानुसार लोकांचे चार गट पाडले होते. सर्वांत कमी रेझव्हेराट्रॉल असलेल्या गटात ३४.४ टक्के मृत्यू, त्यावरच्या गटात ३१.६, पुढच्यात ३३.५, आणि सर्वांत जास्त रेझव्हेराट्रॉल असलेल्या गटात ३७.४ टक्के. वय आणि बाकीचे घटक जमेस धरल्यावर या फरकांना काही अर्थ उरला नाही. हृदयविकार, कर्करोग, रक्तातल्या दाहाच्या खुणा यांच्याशीही काही नातं सापडलं नाही. हा अभ्यास मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण दाव्यातली नेमकी गोष्ट त्याने तपासली: रोजच्या खाण्यापिण्यातून मिळणारं रेझव्हेराट्रॉल, खऱ्या माणसांत, वर्षानुवर्षं. इतक्या लोकांमध्ये अगदी लहानसा परिणाम नजरेतून सुटू शकतो, हे मान्य. पण जाहिराती लहानशा परिणामाच्या नव्हत्या.

वाइनमधून पुरेसं मिळत नाही म्हटल्यावर लोक कॅप्सूलकडे वळले. बाजारातल्या बहुतेक कॅप्सूलमधलं रेझव्हेराट्रॉल द्राक्षातून येतच नाही, ते जपानी नॉटवीड नावाच्या झुडपाच्या मुळातून काढतात. डोस अडीचशे, पाचशे, हजार मिलिग्रॅम. काही लहान प्रयोगांमध्ये रक्तातली साखर किंवा रक्तदाब किंचित सुधारला, काहींमध्ये काहीच झालं नाही. यातला एक प्रयोग विसरू नये असा आहे. कोपनहेगनमध्ये ६५ वर्षांच्या आसपासच्या २७ पुरुषांना आठ आठवडे कसून व्यायाम करायला लावला. अर्ध्यांना रोज २५० मिलिग्रॅम रेझव्हेराट्रॉल, बाकीच्यांना दिसायला तशीच पण निरुपद्रवी गोळी. व्यायामाने अपेक्षेप्रमाणे फायदा झाला: निरुपद्रवी गोळीवाल्यांचा रक्तदाब उतरला, दमसास वाढला. रेझव्हेराट्रॉलवाल्यांचा रक्तदाब उतरला नाही आणि दमसास त्या मानाने बराच कमी वाढला. ज्या गोळीने हृदयाला बळ द्यायचं, तिने व्यायामाने मिळालेलं बळच कमी केलं. संशोधकांची शंका अशी, की व्यायामात तयार होणाऱ्या ऑक्सिडीकारक रेणूंचा शरीर संदेशासारखा उपयोग करून घेतं आणि हे रसायन तो संदेशच दाबून टाकतं. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णांवर अमेरिकेत सहा महिने प्रयोग झाला; सहा मिनिटांत चालता येणाऱ्या अंतरात उपयोगी म्हणावी अशी सुधारणा दिसली नाही.

रेझव्हेराट्रॉल आणि हृदय या विषयावर सर्वाधिक लिहिणाऱ्यांपैकी एक होते कनेटिकट विद्यापीठाचे दीपक दास. २०१२ मध्ये विद्यापीठाने तीन वर्षांच्या चौकशीनंतर जाहीर केलं, की त्यांच्या कामात आकडे आणि चित्रं फिरवल्याचे किंवा बनावट तयार केल्याचे १४५ प्रकार सापडले. अकरा नियतकालिकांना कळवण्यात आलं. दास यांनी आरोप नाकारले. त्यांचं काम वगळलं तरी या क्षेत्रातला बाकीचा पुरावा तसाच राहतो, म्हणून सगळं खापर त्यांच्यावर फोडणं बरोबर नाही. पण वृत्तपत्रांत आणि कॅप्सूलच्या जाहिरातींत हृदयाबद्दलची जी ठाम वाक्यं फिरत होती, त्यांना अशा कामाचाही टेकू होता.

रसायन बाजूला काढलं की उरते फ्रान्सची आकडेवारी. ती मुळात केवढी मोठी होती ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या पाहणीत फ्रान्सच्या टुलूझमध्ये पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू लाखाला ७८ होते, उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये ३४८. एवढी दरी दोन ग्लास वाइनने पडेल? माल्कम लॉ आणि निकोलस वॉल्ड या ब्रिटिश संशोधकांनी १९९९ मध्ये दोन गोष्टी पुढे आणल्या. फ्रान्समध्ये हृदयविकाराचे काही मृत्यू दाखल्यावर दुसऱ्याच कारणाखाली नोंदले जात होते; दरीतला सुमारे पाचवा हिस्सा त्यातूनच येत होता. आणि लोणी-मांसाचं प्रमाण ब्रिटनमध्ये कित्येक दशकांपूर्वी वाढलं होतं, फ्रान्समध्ये ते अलीकडे वाढलं. धमन्यांत चरबी साचायला वीस-तीस वर्षं लागतात. आजचं ताट आणि आजचे मृत्यू शेजारी ठेवले की कोडं दिसतं, पण आजचे मृत्यू हे जुन्या ताटाचे असतात. त्यांचं हे स्पष्टीकरण सर्वांना पटलं असं नाही, तरी वाइनला दरीचं संपूर्ण श्रेय देणं त्यानंतर अवघड झालं.

मग ‘थोडं पिणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो’ हे इतक्या पाहण्यांमध्ये दिसत कसं राहिलं? अजिबात न पिणाऱ्यांच्या रांगेत कोण उभं आहे, ते बघितलं की हे कळतं. त्यात जन्मभर थेंबही न घेतलेले असतात, आणि डॉक्टरांनी सांगितल्यामुळे, मधुमेहामुळे, यकृत बिघडल्यामुळे सोडलेलेही असतात. १९८८ मध्ये जेराल्ड शेपर आणि सहकाऱ्यांनी ब्रिटिश पुरुषांमध्ये दाखवलं, की आजारपणामुळे सोडणारे या गटात भरती होत गेल्याने तो गट आजारी दिसतो. त्याच्याशेजारी माफक पिणारे आपोआप धट्टेकट्टे वाटतात. शिवाय युरोप-अमेरिकेत जेवणाबरोबर एखादा ग्लास वाइन घेणारा माणूस बऱ्याचदा बऱ्या पगाराचा, शिकलेला, कमी धूम्रपान करणारा असतो. हा फायदा वाइनचा की परिस्थितीचा, हे प्रश्नावली भरून घेऊन वेगळं करता येत नाही.

वेगळं करायचा एक मार्ग निसर्गानेच ठेवला आहे. काही लोकांत जनुकाचा असा प्रकार जन्मतः असतो, की थोडीशी दारूही त्यांना सोसत नाही. चेहरा लाल होतो, मळमळतं, म्हणून ते कमी पितात. जनुक पगार बघून येत नाही, आजार झाल्यावर बदलत नाही. २०१४ मध्ये अडीच लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून दिसलं, की असं जनुक असलेल्यांना हृदयविकाराचा धोका सुमारे १० टक्क्यांनी कमी होता. पुढे चीनमध्ये पाच लाखांवर लोकांचा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. लोकांना विचारून काढलेल्या आलेखात माफक पिणारे नेहमीप्रमाणे सुरक्षित दिसले. जनुकांवरून काढलेल्या आलेखात ते संरक्षण नाहीसं झालं. पक्षाघाताचा धोका पिण्याच्या प्रमाणाबरोबर सरळ चढत गेला, आणि हार्ट अटॅकपासून बचाव होत असल्याची खूण मिळाली नाही. या अभ्यासातली मला फार आवडलेली गोष्ट म्हणजे त्याची उलटतपासणी. तिथल्या बायका जवळपास पीतच नाहीत. जनुकाचा परिणाम दारूमुळेच घडत असेल, तर तेच जनुक असलेल्या बायकांमध्ये तो दिसायला नको. आणि तो दिसला नाही.

द्राक्षात मात्र काहीच नाही, असं म्हणणंही घाईचं होईल. बार्सिलोनात २०१२ मध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या ६७ पुरुषांना चार-चार आठवडे आळीपाळीने रेड वाइन, अल्कोहोल काढून टाकलेली रेड वाइन आणि जिन दिली. रक्तदाब उतरला तो अल्कोहोल काढलेल्या वाइनने. जिनने उतरला नाही, आणि नेहमीच्या वाइनने झालेला फरक विश्वासार्ह म्हणण्याइतका नव्हता. सालीतली एकंदर रसायनं काही करत असतील तर अल्कोहोल त्यात खो घालतं, असा याचा अर्थ निघतो. प्रयोग लहान होता, महिन्याभराचा होता, तेवढाच त्याला भाव द्यावा.

महाराष्ट्रात २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमधून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, त्यावर वाद पेटला. बाजू मांडताना द्राक्ष उत्पादकांच्या पैशाचा मुद्दा आला, तो त्याच्या जागी तपासावा. आरोग्याचा मुद्दा मात्र तिथे आणायचा असेल, तर आपल्याच लोकांची माहिती उपलब्ध आहे. ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतल्या अभ्यासातून दक्षिण आशियाई लोकांचा हिशेब २००७ मध्ये स्वतंत्रपणे मांडला गेला. इतर देशांतल्या आकड्यांत पिणाऱ्यांना जो फायदा दिसला होता, तो भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका इथल्या लोकांमध्ये दिसला नाही. पहिला हार्ट अटॅक मात्र इथे सरासरी ५३ व्या वर्षी येत होता, बाकीच्या देशांत ५९ च्या सुमाराला. त्याला जबाबदार घटक म्हणून जे पुढे आले ते तंबाखू, रक्तातली चरबी, रक्तदाब, मधुमेह आणि कमरेचा घेर. यांतल्या एकावरही ०.३ मिलिग्रॅम रेझव्हेराट्रॉलचा काही परिणाम होतो, असं आजवरच्या एकाही भरवशाच्या प्रयोगात दिसलेलं नाही.